कुठनं बाईंचा विणकर

बाई त्या संताचं नाव घेत नसत. हिंदीच्या शिक्षिका असून, त्याचे दोहे वर्षानुवर्षं शिकवून, त्यांच्या तोंडून ते नाव मी मोजक्या वेळाच ऐकलं. त्या म्हणायच्या ‘विणकर’. काशीचा विणकर. नवीन मुलांना वाटायचं, गावात कुणी कोष्टी आहे की काय. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “नाव घेतलं की माणसं हात जोडतात. हात जोडले की विचारायचं बंद होतं. विणकर म्हटलं की निदान माग कुठं होता, सूत कुणाचं होतं, एवढं तरी डोक्यात येतं.”

विचारणं हा त्यांचा धंदाच होता. कुणी दोहा म्हणून दाखवला की अर्थाच्या आधी प्रश्न यायचा, “कुठनं?” कुठल्या पुस्तकातनं, कुणाच्या तोंडून, त्यानं कुणाकडनं घेतला. म्हणून शाळेत आणि मग सगळ्या गावात त्यांचं नाव कुठनं बाई पडलं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी ते लिहून ठेवलं, तर बाईंनी त्यावर फक्त प्रश्नचिन्ह काढलं आणि तास सुरू केला.

आमचं गाव ईटच्या वाटेवर, भूम तालुक्यात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून अजून गेला नव्हता आणि नवा दुष्काळ दारात आला होता. माणसं दोन गोष्टींची वाट पाहत असत, टँकरची आणि दुधाच्या गाडीची. मी दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर सेक्रेटरी होते. बाई हैदराबादकडच्या, निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेल्या, मागाहून हिंदीकडं वळलेल्या. एकट्याच राहत. त्यांची खोली आमच्या केंद्राच्या मागं होती आणि सकाळी अर्धा लिटर दूध घ्यायला त्या यायच्या, ते घेऊन कधी लगेच जायच्या नाहीत.

जायच्या नाहीत म्हणजे बसायच्याही नाहीत. बाई बसत नसत. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र उभ्यानं, वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी स्टूल पुढं केलं की त्यावर पिशवी ठेवायच्या आणि स्वतः कॅनच्या रांगेतून येरझाऱ्या घालायच्या. सुट्टी लागली की एसटी. येरमाळ्याच्या फाट्यावर त्या इतक्या वेळा उभ्या असायच्या, की तिथला हॉटेलवाला त्यांना औरंगाबादची गाडी गेली की न्हाय ते विचारायचा. औरंगाबादला विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या दिवसदिवस घालवत. त्यांच्या येरझाऱ्यांनी मी कंटाळायची. नंतर सवय झाली, आणि आणखी नंतर माझ्याही पायांना ती लागली.

मला साहित्यात फारसा रस नव्हता, आजही बेताचाच आहे. पण बाईंचं बोलणं हिशेबी असायचं, म्हणून ऐकायची. एका सकाळी त्यांनी मला एक दोहा सांगितला, त्यात तंबाखू ओढणाऱ्याला चांगलंच झोडपलेलं. म्हणाल्या, “खाली विणकराचं नाव आहे. बोल, त्याचा?” मी म्हटलं, नाव आहे म्हणजे त्याचाच. बाई म्हणाल्या, तंबाखू या देशात आली फिरंग्यांच्या जहाजातून. तोवर विणकर कधीच मातीत गेला होता. ज्याला तंबाखू आवडत नव्हती त्यानं दोहा जुळवला, आणि आपलं कोण ऐकणार म्हणून नाव त्याचं घातलं. “नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. दोन ओळींत नाव घालायला काय लागतं? मात्रा जुळल्या की झालं.”

मग मूळ वही कुठं आहे, ती बघायची, असं मी म्हटलं. त्या थांबल्या, कॅनवर हात ठेवून. वही नाहीच. विणकरानं लिहिलेलं असं काही सापडलेलं नाही. तो म्हणाला, लोकांनी ऐकलं, गायलं. हाती असलेल्या जुन्यात जुन्या पोथ्या तो गेल्यावर पिढ्या उलटून गेल्यानंतरच्या, आणि त्याही तीन मुलखांतल्या. पंजाबात शीख गुरूंनी आपल्या धर्मग्रंथात त्याची पदं आणि दोहे घेतले. तो ग्रंथ एकदा बांधला गेला तो पुढं कुणी बदलू दिला नाही, हे त्याचं बळ. पण घेताना आपल्या मार्गाला जुळेल ते निवडून घेतलं. राजस्थानात दुसऱ्या एका संताच्या शिष्यांनी आपल्या गुरूबरोबर चार संतांची वाणी एका पोथीत बांधली, त्यात हाही. तिथला विणकर विरहानं व्याकूळ होतो आणि त्याच्या बोलीला राजस्थानी वळण येतं. तिसरा संग्रह पूर्वेचा, काशी-बिहारकडच्या त्याच्याच पंथाच्या मठांतला. तिथला विणकर फटकळ, पंडित-मुल्लांना उभं-आडवं घेणारा. तो ऐकायला सगळ्यात खरा वाटतो, पण त्या संग्रहाच्या आपल्या हाती लागलेल्या पोथ्या सगळ्यात उशिराच्या.

“म्हणजे तीन विणकर,” मी म्हटलं.

“तीन गिऱ्हाइकं,” बाई म्हणाल्या. “ज्यानं त्यानं आपल्या मापाचं कापड नेलं. आणि कापड कमी पडलं तर घरी विणून जोडलं.”

त्यात पद लांब, त्याला निदान चाल असते, धरून ठेवायला धागा असतो. दोहा सुटा. कुणीही उचलावा, कुठंही ठेवावा. एकच दोहा एका पोथीत विणकराच्या नावावर आणि दुसऱ्या, जुन्या पोथीत भलत्याच संताच्या नावावर, असंही होतं. म्हणून बाईंचा एक नियम होता. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन मुलखांत एकच दोहा सापडला, तर तो वाटा फुटायच्या आधीचा, म्हणजे विणकराच्या जवळचा. एकाच मुलखात सापडला तर सांगता येत नाही. आणि कुठल्याच जुन्या पोथीत नाही, नुसता बाजारच्या पुस्तकात आहे, तर त्याचा दिसत नाही. ‘नक्की त्याचा’ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. फार तर ‘बहुतेक’. भाषा आणि विचार पण बघायच्या, पण सगळ्यात शेवटी, आणि त्यावर फार भार टाकायच्या नाहीत. “आवडला म्हणून त्याचा होत नाही, सुमन. आणि टोचला म्हणून परका होत नाही.”

हे सगळं दूध मोजता मोजता ऐकायला ठीक होतं. पुढं ते आमच्या पाण्यात आलं.

गावात पाण्याची टाकी बांधायचं ठरलं. पंचायतीचे पैसे, थोडी मदत दूध संस्थेची. बांधकाम आमच्या आबांकडं. माझे वडील गवंडी होते, पंचक्रोशीत हात चांगला. बौद्धवाड्यात आमचं घर, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर आबांचं भजन. एकतारी आणि विणकराचे दोहे. छप्पन सालानंतर वाड्यातल्या पुष्कळ जुन्या गोष्टी गेल्या, देव गेले, पण विणकर राहिला. तो आपल्यातला, असं आबा म्हणायचे. त्यांचा एक दोहा सगळ्यांना पाठ होता. घागर नदीला जात विचारते, आणि नदी म्हणते, आधी तू कुठल्या मातीची ते सांग. आबांना वाचता येत नव्हतं. हा दोहा त्यांनी ईटच्या सोनाईकडून घेतला होता. सोनाई त्यांची भजनातली गुरू, तिलाही अक्षर येत नव्हतं.

टाकीचा आराखडा आला तेव्हा त्यात नळ दोन बाजूंना होते. गावाचे पूर्वेला, वाड्याचे पश्चिमेला, मध्ये टाकी. टँकरवर जे चालायचं तेच आता सिमेंटमध्ये होणार होतं. आबांनी चेअरमनना विचारलं. हे आमच्या संस्थेचे चेअरमन आणि गावचे कारभारीही. माणूस ओरडणारा नव्हता. त्यांनी येरमाळ्याच्या यात्रेत घेतलेलं दोह्यांचं पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. घाटाघाटाची आपली घागर, परक्या घाटी गेली की फुटते. शेवटी विणकराचं नाव. टाकीवर रंगवून घ्यायला तोच निवडला होता.

“लक्ष्मणा, हे मी न्हाय म्हणत. तुमच्याच संताचं हाय.”

आबा घरी आले आणि जेवले नाहीत. वाड्यातली पोरं म्हणाली, विणकर असं म्हणणंच शक्य नाही. मलाही तेच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत आबांनी तेच सांगितलं, आणि स्वतःचा नदीचा दोहा म्हटला. टाकीवर लिहायचाच तर हा लिहा. चेअरमननी पानं उलटली आणि म्हणाले, हा पण याच पुस्तकात आहे की, चार पानं पुढं. पुस्तक खोटं तर दोन्ही खोटे, खरं तर दोन्ही खरे. सभेत हशा झाला. आबा म्हणाले, “माझा पुस्तकातला न्हाय. तोंडातनं तोंडात आलेला हाय.”

शेवटी चेअरमनच म्हणाले, बाईंना तपासू द्या. घागरीचा दोहा संताचा नाही असं त्यांनी दाखवलं तर तो लिहायचा नाही, आणि नळांचंही पुन्हा बघू. नदीचा संताचा निघाला तर तो लिहू. सगळ्या गावासमोर बोलले. त्यांना पुस्तकावर पूर्ण भरवसा होता. बाई सभेच्या कडेला उभ्या होत्या, अर्थातच उभ्या. सभा सुटल्यावर मी त्यांना म्हटलं, बाई, हे तर सोपं आहे, विणकर जातीच्या विरुद्ध होता. त्या म्हणाल्या, “चेअरमन पण तेच करतायत. आपल्याला पटणारा विणकर घ्यायचा आणि उरलेला हाकलायचा. मग त्यांच्या-आपल्यात फरक काय राहिला?”

त्यानंतरचे दिवस घालमेलीचे गेले. टाकीच्या भिंती वर येत होत्या. नळांची भोकं कुठं ठेवायची हे आबा मुद्दाम लांबवत होते. बाई शनिवारी गेल्या की सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत, आणि तशाच शाळेत. त्यांनी ग्रंथालयात तिन्ही मुलखांचे छापलेले संग्रह काढले. त्यातले काही विद्वानांनी पोथी पोथीशी लावून छापलेले होते, कुठल्या पोथीत ओळ कशी आहे ते तळाला दिलेलं. घागरीचा दोहा तिन्हींत नाही. नदीचाही नाही. चेअरमननी मग सोलापूरहून मागवलेलं दुसरं पुस्तक पुढं केलं, वेगळ्या छापखान्याचं. त्यातही दोन्ही दोहे होते. दोन पुस्तकं, दोन साक्षी, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक ऐकीव गोष्ट त्यांनी सांगितली, की संताच्या हयातीतलीच एक पोथी सापडलेली आहे म्हणे, तीत असेल. बाई म्हणाल्या, ती मी छापलेली वाचली. तिच्या शेवटी साल खरंच तसं जुनं आहे. पण जाणकारांनी पोथी निरखली तेव्हा सालाची ओळ बाकीच्या अक्षराच्या हातची दिसली नाही, मागून घातलेली वाटली. आणि तसंही, तीत हा दोहा नाहीच.

पण दोन पुस्तकांचं उत्तर बाईंना लगेच सुचेना. ते दिलं मी, आणि तेही अनवधानानं. त्या आठवड्यात आमच्या केंद्रावर दोन शेजाऱ्यांचं दूध परत केलं होतं. दोघंही म्हणत होते, आमचं दूध वेगवेगळ्या म्हशींचं. पण दोन्ही कॅनना रॉकेलचा वास होता. मी म्हटलं, दोन घरी एकाच दिवशी रॉकेल सांडत नाही. एका भांड्यातलं दूध दोघांनी वाटून आणलंय. बाई येरझाऱ्या घालताना मध्येच थांबल्या आणि पुस्तकं मागितली. केंद्रातच, दुधाच्या वासात, त्यांनी ती शेजारी शेजारी धरली. बरोबर काय आहे ते त्या बघत नव्हत्या. चुकलेलं कुठं आहे ते शोधत होत्या. आणि ते सापडलं. नदीच्या दोह्यानंतर लगेच एक दोहा होता, त्याची पहिली ओळ कुंभाराच्या चाकाची आणि दुसरी भलतीच, हंसाच्या मोत्याची. दोन दोहे अर्धे अर्धे तुटून एकमेकांना चिकटलेले. कुंभाराच्या दोह्याची खरी दुसरी ओळ जुन्या पोथ्यांत होती. आणि ही मोडतोड दोन्ही पुस्तकांत एकाच जागी, जशीच्या तशी.

“रॉकेल,” बाई म्हणाल्या. “बरोबर गोष्ट दोघांना वेगवेगळी सुचू शकते. एकच चूक नाही सुचत. हे दुसरं पुस्तक पहिल्यावरून उचललेलं, नाहीतर दोन्ही तिसऱ्यावरून. साक्ष एकच.”

मी खूश झाले. चेअरमनचा दोहा उरला नाही. पण बाई खूश नव्हत्या. राहिला आबांचा. तो पुस्तकात होता हे खरं, पण आबांना तो तोंडून मिळालेला. सोनाईकडं तो पुस्तकाच्या आधीपासून, पिढीजात चालत आलेला असेल, तर ती वेगळी साक्ष. जुन्या पोथ्यांइतकी वजनदार नाही, पण काहीतरी. तेव्हा ईटला जायचं ठरलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, जा, सोनाईला माझा जयभीम सांगा. तोंडावरून दिसत होतं, की त्यांच्या मनात निकाल लागलेलाच होता.

सोनाई फार म्हातारी झाली होती, पण गळा शाबूत. दारातल्या लिंबाखाली बाजेवर पडून होती. आबांचं नाव काढल्यावर उठून बसली. बाईंनी काही विचारायच्या आधी मीच विचारलं, नदीचा दोहा तुमच्याकडं कुणाकडनं आला. ती म्हणाली, “जुना हाय गं. लई जुना. आमच्या मालकाकडनं.” मालक म्हणजे नवरा. तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. बाई म्हणाल्या, म्हणून दाखवा. सोनाईनं नदीचा म्हटला, आणि न थांबता, जणू दोन्ही एकाच धाग्यात ओवलेले, पुढचा म्हटला. कुंभाराचं चाक. आणि दुसऱ्या ओळीला हंस आणि मोती.

बाई खाली बसल्या. बाजेच्या शेजारी, मातीत. मी त्यांना तोवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनीच हळू विचारलं, मालकाला वाचता येत होतं का. “व्हय तर,” सोनाई अभिमानानं म्हणाली. ढोकीला कारखाना उभा राहत होता तेव्हा ते तिथं मुकादम होते. बाजारातनं बुकं आणायचे आणि रात्री वाचून दाखवायचे. त्यांनी वाचायचं, तिनं ऐकून गायचं. बुकं आता कुठं, वाळवीनं खाल्ली.

येताना गाडीला गर्दी होती, आम्ही दोघी दांडीला धरून उभ्या. मी सरळ सांगितलं. बाई, ऐकलं आपण दोघींनीच. सोनाईनं पुढचा दोहा म्हटला नाही असं समजा. आबांचा राहू द्या. मला आजही त्यात काही गैर वाटत नाही, प्रश्न पाण्याचा होता. बाई खिडकीबाहेरची करपलेली रानं बघत होत्या. म्हणाल्या, “माप एकच असतं, सुमन. तू दुधाला दोन मापं ठेवतेस का?” मी म्हटलं, दूध वेगळं. त्या म्हणाल्या, “मग चेअरमननी पण म्हणावं, टाकी वेगळी.”

आबांना त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, आमच्या ओट्यावर, उभ्यानं. पूर्ण सांगितलं, काही मऊ केलं नाही. जुन्या पोथीत नाही म्हणजे विणकर तसं कधी म्हणालाच नाही असंही नाही, पण ज्याला भिंतीवर नाव लिहायचंय त्यानं दाखवायचं असतं, आणि आपल्याजवळ दाखवायला नाही. आबांनी एकतारी भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाले, “वीस वर्षं गातोय मी.” बाई म्हणाल्या, गाऊ नका असं मी कुठं म्हणते. त्याच्या नावावर नको, एवढंच. आबा उठून आत गेले. पुढं कितीतरी दिवस ओट्यावर भजन झालं नाही. वाड्यातले लोक बाईंकडं बघेनासे झाले. आई म्हणाली, शिकलेली माणसं शेवटी त्यांचीच. मला बाईंचा राग आला होता आणि रोज सकाळी त्यांना दूध मापून द्यावं लागत होतं. त्याही यायच्याच, येरझाऱ्या घालायच्याच. आम्ही बोलत नव्हतो.

ग्रामसभेत बाईंनी सगळं मांडलं. दोन पुस्तकं, एकच चूक. चेअरमन हुशार होते, त्यांनी नेमकं बोट ठेवलं. “म्हंजी बाई, संताचा असूबी शकतो की?”

“असू शकतो,” बाई म्हणाल्या. “तसा तंबाखूचा सोडला तर कुठलाही असू शकतो. ‘असू शकतो’ एवढ्यावर त्याचं नाव घालायचं नाही.”

“आनि लक्ष्मणाचा?”

बाईंनी तोंड उघडायच्या आत आबा उभे राहिले. मला वाटलं, निघून चालले. ते म्हणाले, “माझाबी न्हाय. माझा आधी काढा. ईटच्या सोनाईनं बुकातनंच ऐकला व्हता, बाईंनी शोधून काढलं.” आबांचे हात सिमेंटनं पांढरे होते, कामावरून तसेच आलेले. “इतके दिस म्या त्या संताच्या नावानं बोललो. तुमीबी त्याच्याच नावानं बोलला. आता दोघांचीबी चिठ्ठी फाटली. तवा माझ्या नावानं बोलतो. टाकी म्या बांधतोय. नळ एका रांगेत पायजेत. तुमच्याजवळ संत नसंल तर काय हाय ते सांगा.”

चेअरमनजवळ बोलायला पुष्कळ होतं, चालीरीत होती, बायकांचं म्हणणं होतं. पण ते संताच्या तोंडून जितकं गुळगुळीत वाटलं, तितकं त्यांच्या स्वतःच्या तोंडून येईना. एकदा म्हणून बघितलं आणि तेच मध्ये थांबले. शेवटी शब्द दिला होता म्हणून, आणि आबा हात काढून घेतील म्हणूनही, नळ एका रांगेत झाले. मनानं झाले असं मी म्हणणार नाही. पहिलं वर्षभर रांगेच्या एका टोकाला गाव आणि दुसऱ्याला आम्ही, मधला नळ कोरडाच. पुढं दुष्काळ वाढला, आणि तहान लागल्यावर मधल्या नळालाही दोन्हीकडच्या घागरी लागल्या.

टाकीवर काही लिहिलं गेलं नाही. आबांनी समोरची बाजू इतकी घोटून गिलावा केली, की आजही तिच्यावर खडू चालत नाही.

दोन वर्षांनी बाईंची बदली झाली, परांड्याकडं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर आल्या. आबांनी एकतारी काढली आणि नदीचा दोहा म्हटला. शेवटच्या ओळीत नावाची जागा आली तेव्हा आबांनी नाव घेतलं नाही. तेवढ्या मात्रा एकतारी वाजवली आणि पुढं गेले. दोह्यात नेमकी एक खिडकी उघडी राहिल्यासारखी झाली. बाई उभ्याच होत्या. जाताना मला म्हणाल्या, तुझ्या आबांनी जे केलं ते पोथीवाल्यांना सुचलं असतं तर माझी निम्मी एसटी वाचली असती. नंतर काही वर्षं पत्रं आली, मग त्या गेल्याचं कळलं. मी तिकडं गेले नाही, दूध बंद ठेवता येत नव्हतं.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाड्यातल्या तरुण भजनी मंडळानं नदीचा दोहा घेतला. त्यांनी आबांकडूनच शिकलेला, पण नावाच्या जागी नुसती एकतारी वाजवणं त्यांना ओकं वाटत असावं. त्या मोकळ्या मात्रांत त्यांनी नवं नाव बसवलं होतं. ‘कहे लछमन’. माणसांचे डोळे भरून आले. आई डोळ्यांना पदर लावून रडत होती. मंडळाचा प्रमुख माझ्याजवळ येऊन म्हणाला, ताई, आबांच्या दोह्यांचं छोटं पुस्तक छापायचंय, हा पहिल्या पानावर.

मी त्या मंडपात बसलेली होते, उठले. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेले आणि परत आले. एवढ्या मायेनं, एवढ्या सरळ मनानं, माझ्या डोळ्यांदेखत हे झालं होतं. लबाडी कुणाचीच नव्हती. आणखी पन्नास वर्षांनी कुणी कुठनं बाई येईल, पुस्तक उघडेल आणि येरमाळ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभी राहील.

“कुठनं?” मी त्याला विचारलं.

तो गोंधळला. “म्हणजे, ताई, आबांचाच ना?”

“आबांचा न्हाय. ईटच्या सोनाईकडनं आला. तिला तिच्या मालकानं बाजारच्या पुस्तकातनं वाचून दाखवला. त्याच्या आधी कुणाचा, ते ठाऊक न्हाय. छापायचा तर असंच छापा.”

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी दुसरीकडं बघितलं. प्रमुखानं एकतारीवाल्याला खूण केली, आणि त्यांनी तो पुन्हा घेतला. नावाची जागा आली. एकतारी एकटीच वाजली.